लॉट नंबरमागचं काम

प्रश्न : सर, मी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका नमकीन कंपनीत ट्रेसेबिलिटी, म्हणजे कुठला माल कुठे गेला याचा माग ठेवणाऱ्या विभागात जागा आहे. मित्र म्हणतात, ती नुसती डेटा एंट्री आहे. घेऊ का?

उत्तर : घे, पण आधी ते काम नेमकं काय असतं ते समजून घे. एक नमुना हिशेब मांडतो.

समज, दाणे नसलेल्या चिवड्याच्या छापील रोलमध्ये दाण्यांचा चिवडा भरला गेला. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नाही, म्हणजे ॲलर्जी असणाऱ्याच्या जिवाशी खेळ. असा माल बाजारातून परत बोलवावा लागतो, त्यालाच रिकॉल म्हणतात. त्या लॉटचे, म्हणजे एकच बॅच नंबर छापलेल्या मालाचे, बॉक्स निघाले 1,200. सिस्टीम सांगते : पुण्याच्या वितरकाकडे 480, कोल्हापूरला 330, आपल्या गोदामात 390. बेरीज जुळली. अननुभवी माणूस इथेच थांबतो. तू गोदामात जाऊन बॉक्सवरचे नंबर वाचत मोजतोस, तर भरतात 310. उरलेले 80 गेले कुठे?

अशा वेळी शेजारच्या लॉटचे बॉक्स मोज. तिथे कागदापेक्षा 80 जास्त निघाले, तर उलगडा झाला : बिलावर जुना लॉट होता, पण हमालाने हाताशी असलेल्या पॅलेटवरून माल उचलला आणि लोडिंगच्या वेळी बॉक्स स्कॅन झाले नाहीत. मग त्या जुन्या लॉटची बिलं काढायची. ती पुण्याची असतील तर तिथे दोषी माल 480 नाही, 560 बॉक्स आहे.

खरी अडचण पुढे आहे. पुण्याच्या वितरकाकडे 200 बॉक्स शिल्लक आहेत, 360 दुकानांत गेले. बऱ्याच वितरकांच्या बिलावर बॅच नंबर नसतोच. 2017 च्या रिकॉल नियमांनुसार उत्पादक, आयातदार आणि घाऊक विक्रेत्याकडे रिकॉलची लेखी योजना लागते; निव्वळ किरकोळ दुकानदाराला त्यातून सूट आहे. त्यामुळे माल वितरकाकडे पोहोचल्या तारखेपासून तो चिवडा घेतलेल्या प्रत्येक दुकानाला फोन करावा लागतो, आणि ‘पाकिटावरचा बॅच नंबर वाचून दाखवा’ असं सांगावं लागतं. नुसतं ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर धरायचं नाही.

परत आलेला माल बॉक्सवर नाही, पाकिटांवर मोजायचा. फोडलेल्या बॉक्समध्ये चोवीसची सोळा झालेली असतात. तो कुलपात, ‘होल्ड’ची पट्टी लावून ठेवायचा, नाहीतर घाईत पुन्हा गाडीत चढतो. खाल्लेली पाकिटं परत येत नाहीत, म्हणून सगळा माल कधीच हाती लागत नाही. उरलेल्याचा हिशेब लेखी द्यावा लागतो.

एक्सेलमध्ये अशी जुळणी करायचा सराव कर, आणि बारकोड स्कॅनरवर हात बसव. मुलाखतीत एकच विचार : मागच्या मॉक रिकॉलमध्ये, म्हणजे रिकॉलच्या रंगीत तालमीत, किती बॉक्स जुळले नाहीत आणि ते कुठे सापडले? ‘सगळे जुळले’ असं झटकन उत्तर आलं, तर माल गोदामात उभं राहून मोजला होता की पडद्यावर, हेही विचार.