अंदाजाची तीन बिले आणि चौथ्या बिलातला फरक

प्रश्न : दोन-दोन महिन्यांची तीन गॅसबिले अंदाजाने आली, ती आम्ही वेळेवर भरली. आता चौथे बिल एकदम साडेचार हजारांचे आले. एवढे भरायचे का? (छत्रपती संभाजीनगर)

आपण पाठवलेल्या बिलांनुसार शेवटची प्रत्यक्ष नोंद 212 होती. त्यानंतर दार बंद आढळल्यामुळे प्रत्येक वेळी 18 घनमीटर गृहीत धरून नोंद 266 वर नेली गेली आणि या वेळी मीटर पाहिल्यावर ती 356 भरली. त्यामुळे 90 घनमीटर एकाच बिलात आले. अंदाजाचा आकडा मागच्या सरासरीवरून काढतात आणि आपण त्याआधीचा उन्हाळा गावी काढला होता, म्हणून ती सरासरी मुळातच कमी होती.

आठ महिन्यांचा खरा वापर 144 घनमीटर, म्हणजे दर बिलाला सुमारे 36 येतो, आणि चार माणसांच्या घरात दोन वेळच्या भाकरी-भाजीला तो अवाजवी नाही. जळलेल्या गॅसचे पैसे द्यावेच लागतील. मात्र सर्व 90 घनमीटरला आजचा 50 रुपयांचा दर लावला आहे, हे मला पटत नाही. आधीच्या तीन बिलांत दर 46 रुपये होता; त्या काळातले राहिलेले 54 घनमीटर त्याच दराने धरले, तर 2,484 आणि चालू 36 घनमीटरचे 1,800, असे कर वगळून 4,284 रुपये होतात. 216 रुपयांचा हा फरक दाखवून, वापर कालावधीनुसार विभागून सुधारित बिल द्यावे आणि रक्कम हप्त्यांनी घ्यावी, असा लेखी अर्ज मुदतीच्या आत करा व त्याची पोच घ्या. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : बिलावरचा आकडा बरोबर आहे, हे मीटरवरून कसे ओळखावे? (लातूर)

काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, दशांशचिन्हानंतरचे लाल आकडे त्याचा अंश. बिलासाठी काळेच वाचायचे. मीटर उलटे फिरत नाही, म्हणून आजची नोंद बिलातल्या नोंदीपेक्षा कमी दिसली, तर बिलातली नोंद चुकीची वाचलेली किंवा अंदाजाने जास्त धरलेली आहे असे समजावे. अशा वेळी मीटरचा क्रमांक आणि आकडे एकत्र दिसतील असा फोटो तारखेसह पाठवा. घर बंद राहणार असेल, तेव्हाही हाच फोटो बिलाच्या तारखेआधी पाठवला, की अंदाजाची वेळच येत नाही.

प्रश्न : वापर खरोखरच एवढा नाही. गळती तर नसेल? (परभणी)

शेगडीची सर्व बटणे बंद करून, मीटरजवळची तोटी मात्र उघडी ठेवून, लाल आकडे लिहून घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. शेवटचा लाल आकडा सरकला असेल, तर मीटरच्या पुढे, बहुधा शेगडीच्या रबरी नळीत, गळती आहे. तोटी बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. मीटरच्या आधीच्या नळीतून गळणारा गॅस या आकड्यांत येत नाही, म्हणून आकडे स्थिर असूनही वास येत असेल, तर तोटी बंद करून भागणार नाही. तेव्हाही बाहेर पडूनच लगेच फोन करावा.