नोटीस पिरियड विकत घेण्याची विनंती मॅनेजरला लेखी कशी करावी?

प्रश्न: "उद्यमबागेतल्या कारखान्यात आहे, पुण्यात नोकरी मिळाली. 'साहेब, पैसे भरतो, लवकर सोडा' म्हटलं तर ते 'बघू' म्हणाले. आता काय लिहू?"

आधी नेमणूकपत्र काढा. 'नोटीस किंवा त्याऐवजी पगार' हे कलम दोघांनाही लागू आहे का, की निर्णय फक्त कंपनीचा, ते पाहा. कंपनीचाच असेल तर तुम्ही हक्क मागत नाही, प्रस्ताव देताय. भाषा तशीच ठेवा. हिशोब बेसिकवर की एकूण पगारावर, हेही तिथेच कळतं.

समजा नोटीस ६० दिवसांची आहे, बेसिक २४,००० आणि हिशोब बेसिकवर. मग लिहा: "मी २५ दिवस काम करेन. उरलेल्या ३५ पैकी १० दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत. २५ दिवसांचे, रोज ८०० प्रमाणे, २०,००० रुपये अंतिम हिशोबातून कापावेत." रजा वळती करणं कंपनीच्या मर्जीवर असतं, म्हणून ती नाकारल्यास २८,००० भरायची तयारीही नोंदवा.

पण साहेबांचं 'बघू' पैशामुळे नसतं. तुमची मशीन कोण बघणार, ही खरी काळजी. त्यामुळे कोणतं काम कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत शिकवून देणार ते नावानिशी लिहा. कोणाला, हे त्या सहकाऱ्याला आधी विचारून घ्या, नाहीतर प्रस्ताव तिथेच अडतो.

शेवटचा दिवस तारखेनिशी मागा, मेल एचआरलाही पाठवा. लेखी होकार येईपर्यंत पुण्याला रुजू व्हायची तारीख पक्की करू नका. रिलीव्हिंग लेटर अडकतं ते इथेच. नवी कंपनी ही रक्कम देते का, तेही विचारा. बऱ्याच देतात, पण पावती मागतात.