गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो वाचताना

फोटो तिरकस उजेडात, पाकीट थोडं कलतं धरून काढ. समोरून फ्लॅश मारला की चंदेरी पत्रा चमकतो आणि 3 चा 8 दिसतो. नेमकं तिथेच चुकतं.

समजा, बॅच नंबर केटी 4081, उत्पादन 09/2024 आणि एक्सपायरी 08/2026 असं दिसतंय. 4081 ही तारीख नाही. एका खेपेत बनलेल्या गोळ्यांची ती खूण. कंपनीने माल परत मागवला तर हाच नंबर जुळवायचा. एक्सपायरीचा फक्त महिना दिला असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे इथे 31 ऑगस्टपर्यंत औषध चालतं. आकडा 8 की 3, अशी शंका आली तर उत्पादनाचा महिना बघ: सप्टेंबर 2024 पासून ऑगस्ट 2026 पर्यंत बरोबर 24 महिने भरतात, आणि बऱ्याच गोळ्यांची मुदत 24 किंवा 36 महिने असते. तरीही हा अंदाजच. मूळ पाकीट पाहिल्याशिवाय, किंवा केमिस्टला दाखवल्याशिवाय गोळी घेऊ नकोस.

‘30 अंशांपेक्षा कमी’ लिहिलं असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात गॅसजवळचं कपाट किंवा उन्हातली गाडी नको. सूर्याच्या चिन्हावर काट असेल तर उजेडापासून जप.

आणि पाकिटातून गोळ्या कापून घेताना तारीख नसलेल्या टोकाकडून काप.