यूएचटी दुधाची उकळल्यासारखी चव आणि पारदर्शक बाटलीतलं दूध

प्रश्न: यूएचटी दुधाला उकळल्यासारखी चव का येते? आणि पारदर्शक बाटलीत ठेवलेल्या दुधाची चव का बदलते?

उत्तर: दोन्हींमागे गंधकयुक्त संयुगं आहेत, पण ती तयार होण्याची वाट वेगळी.

यूएचटी म्हणजे अतिउच्च तापमानाच्या प्रक्रियेत दूध साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला काही सेकंद तापवतात. एवढ्या उष्णतेने बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाची घडी उलगडते, आत दडलेले गंधकाचे गट उघडे पडतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटतात. उकळल्यासारखा वास मुख्यतः त्यांचाच. ताज्या पॅकमध्ये तो सर्वात ठळक असतो. पुढे उरलेल्या ऑक्सिजनमुळे ही संयुगं बदलतात आणि वास ओसरतो. बऱ्याच महिन्यांनी शिळकट चव येते, ती वेगळी.

प्रकाशाचा दोष मात्र बाटलीत घडतो. दुधातलं रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व) निळा प्रकाश शोषून ऑक्सिजनला आक्रमक बनवतं. तो मेथिओनिन या अमिनो आम्लावर हल्ला करतो आणि मेथिओनल तयार होतं. त्याचा वास उकडलेल्या बटाट्यासारखा किंवा कोबीसारखा. प्रकाश चालूच राहिला तर स्निग्धांशही बिघडतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. सोबत रायबोफ्लेविनही नष्ट होत जातं.

खात्री करायची असेल तर एकाच दुधाचे दोन काचेचे ग्लास झाकून घ्या, एकाला ॲल्युमिनियम फॉइल पूर्ण गुंडाळा. दोन्ही अर्धा तास थेट उन्हात ठेवा, मग सारखेच गार करून चाखा. फरक फक्त फॉइल नसलेल्या ग्लासात असेल तर दोष प्रकाशाचा; उकळल्यासारखी चव दोन्हींत सारखीच राहते. थंडीने प्रकाशाची क्रिया थांबत नाही, त्यामुळे दिवे लावलेल्या काचेच्या फ्रीजमध्येही पारदर्शक बाटली झाकलेलीच बरी.