मुलाच्या अंडकोषात अचानक दुखू लागलं तर सकाळपर्यंत थांबावं का?

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या मुलाला रात्री झोपेतून उठवेल इतकं डाव्या अंडकोषात दुखतंय. एकदा उलटीही झाली. संध्याकाळी क्रिकेट खेळताना चेंडू लागला असेल असं वाटतं. दुखण्याची गोळी दिली आहे. सकाळी आमच्या डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का? आम्ही भांडुपला राहतो.

उत्तर: नाही चालणार. आत्ता निघा, बाकीचं गाडीत बसून वाचा. त्याला खायला-प्यायला काही देऊ नका, दूधही नको, कारण कदाचित तासाभरात भूल द्यावी लागेल. जिथे रात्री सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर हजर असतात अशाच ठिकाणी न्या. भांडुपहून सायन हॉस्पिटल गाठता येईल, या वेळी रस्ता मोकळा असतो. आई किंवा वडील, कोणीतरी एक सोबत हवंच. ऑपरेशनच्या कागदावर पालकांची सही लागते.

मी सर्जन आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या वर्णनात मला पहिली भीती वाटते ती वृषणाला पीळ पडल्याची. डॉक्टर त्याला टॉर्शन म्हणतात. वृषण एका दोरीसारख्या नाळेला लटकलेलं असतं आणि त्याचं रक्त त्या नाळेतूनच येतं-जातं. काही मुलांमध्ये ते पिशवीच्या आत नीट चिकटलेलं नसतं, घंटेच्या लोलकासारखं मोकळं फिरतं. मग झोपेत कूस बदलतानाही दोरीला पीळ बसतो आणि रक्त थांबतं. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. चेंडू लागल्याची आठवण इथेच घात करते. मार लागल्याचं दुखणं साधारण तासाभरात उतरतं; रात्री झोपेतून उठवणारं आणि उलटी आणणारं दुखणं चेंडूवर ढकलू नका.

रक्त थांबल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. १२ तासांनंतर शक्यता झपाट्याने घसरते, २४ तास उलटले की क्वचितच हाती काही लागतं. हे तास दुखायला लागल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही.

एक मुलगा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. तोही १४ वर्षांचा. रात्री एकला दुखायला लागलं, पण आईला सांगायची लाज वाटली म्हणून तो "पोटात दुखतंय" एवढंच म्हणाला. आईने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. सकाळी जवळच्या दवाखान्यात पोटाचं इंजेक्शन मिळालं, चड्डी उतरवून कोणी पाहिलंच नाही. आमच्याकडे आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे १४ तास झाले होते. ऑपरेशनमध्ये पीळ सोडवला, वृषण कोमट ओल्या कापडात गुंडाळलं आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं थांबलो. जिवंत असेल तर काळपट जांभळा रंग हळूहळू गुलाबी होतो. इथे काळाच राहिला. काढून टाकावं लागलं. दुसरी बाजू टाक्यांनी पिशवीला पक्की केली, कारण एका बाजूला सैल असेल तर बहुतेक दुसरीकडेही असतं. एका वृषणावर त्याची वाढ नीट होईल आणि पुढे मुलं होण्यातही सहसा अडचण येत नाही, हे आम्ही घरच्यांना समजावलं. तरी त्या आईचं "मला आधी का नाही सांगितलंस रे" कानात राहिलंय. म्हणून मुलगा पोटात खाली दुखतंय म्हणाला तरी तिथे बघाच.

कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: "अमुक वाजता अचानक डाव्या वृषणात दुखायला लागलं, उलटी झाली, शेवटचं अमुक वाजता खाल्लं." डॉक्टर बघतील की दुखणारं वृषण वर ओढलं गेलंय का, आडवं झालंय का. मांडीच्या आतून बोट फिरवलं की एरवी वृषण वर उचललं जातं. पीळ असेल तर सहसा हलत नाही. तुम्ही घरी हे तपासत वेळ घालवू नका. डॉपलर सोनोग्राफीत रक्त येतंय की नाही हे कळतं, पण लक्षणं स्पष्ट असतील तर तिच्यासाठी न थांबता सरळ ऑपरेशनला नेतात, आणि ते बरोबर आहे. उघडून पाहिल्यावर पीळ नाही निघाला तरी नुकसान छोट्या चिरेचंच.

जंतुसंसर्गानेही वृषण सुजतं. तेव्हा दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं, ताप येतो, लघवीला जळजळ होते. पण घरबसल्या यातला फरक ठरवायला जाऊ नका. न दुखणारी गाठ किंवा सूज असेल तर दोन-चार दिवसांत ओपीडीत दाखवली तरी चालते.

वाटेत दुखणं आपोआप थांबलं तरी परत फिरू नका. कधी कधी पीळ स्वतःच सुटतो आणि काही दिवसांनी पुन्हा पडतो. असं आधी कधी होऊन गेलंय का, हे मुलाला आत्ताच विचारा, आणि डॉक्टरांना सांगा.