पाच वर्षांचा गॅप आणि एजंटने आणून दिलेलं अनुभवाचं पत्र

"मॅडम, इंजिनिअरिंग झाल्यावर एमपीएससीत वर्षं गेली, मग घरीच होतो. आता कॅनडात शिकायला फाईल लावतोय. गॅपमध्ये काय लिहू? एजंट म्हणतो कंपनीचं अनुभवाचं पत्र आणून देतो, सगळेच देतात. नाही दिलं तर रिजेक्ट होईल म्हणे. खरं लिहावं का?"

शब्द थोडेफार बदलतात पण हा प्रश्न मला संभाजीनगरला समुपदेशन करताना आठवड्याआड ऐकू येतो. कधी लातूरची नीट रिपीट केलेली मुलगी असते, कधी बाळंतपणानंतर नोकरी सुटलेली कोणी, पण सगळ्यात जास्त ही एमपीएससीवाली पोरं. म्हणून त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदललेत.

परभणीकडचा पोरगा. 2018 ला मेकॅनिकल झाला, लगेच पुण्याला सदाशिव पेठेत. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तसा बॅग घेऊन गावाकडं आला, गावातच अभ्यास केला, मार्च 2021 मध्ये झालेली पूर्व परीक्षा दिली, थोडक्यात गेली, आणि त्यानंतर काकांच्या कृषी सेवा केंद्रावर बसायला लागला. माझ्याकडं 2023 मध्ये आला तेव्हा कॅनडातल्या एका कॉलेजात सप्लाय चेनच्या कोर्सला नंबर लागलेला होता. सोबत वडील होते आणि वडलांच्या पिशवीत ते पत्र. वाळूजच्या कुठल्याशा कंपनीचं, पाच वर्षं प्रॉडक्शन इंजिनिअर, पगार पंचवीस हजार, खाली गोल शिक्का.

मी विचारलं, "ही कंपनी पाहिली का रे कधी?"

"नाही मॅडम. एमआयडीसीत गेल्तो एकदा, पण तिकडं नाही."

मी त्याला नीतिमत्तेवर काही बोलले नाही, त्याचा उपयोग होत नाही, आणि माणूस आधीच शरमलेला असतो. पत्र मधे ठेवलं आणि म्हटलं, चल, आपण दोघं व्हिसा ऑफिसर होऊन बघू. पाच वर्षं नोकरी केली तर पीएफ कापला असेल, यूएएन नंबर दाखव. नाही. पगाराची एखादी स्लिप? नाही. पंचवीस हजार बँकेत पडलेली एखादी तरी एंट्री? नाही. मग त्याचं पासबुक उघडलं तर 2019 भर मेसचे, अभ्यासिकेचे, रूमच्या भाड्याचे पैसे पुण्यातून गेलेले. म्हणजे पत्र म्हणतं हा वाळूजला मशीनवर उभा होता आणि त्याचंच पासबुक म्हणतं हा पुण्यात मेसमध्ये जेवत होता. वडील काहीच बोलले नाहीत, पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिले.

पुढचं मात्र स्पष्ट सांगावं लागतं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली खोटी माहिती किंवा खोटा कागद दिला तर नुसती फाईल परत येत नाही, पाच वर्षं त्या देशात जायची बंदी लागू शकते. शंका आली की बऱ्याचदा आधी पत्र येतं, आम्हाला असं असं वाटतंय, तुमचं म्हणणं द्या. त्या पत्राला उत्तर देताना एजंट फोन उचलत नाही, कारण खाली सही पोराची असते, त्याची नाही.

तर खोटं नको हे पहिल्याच भेटीत ठरलं. पण खरं काय लिहायचं तिथं गाडी अडली. मी म्हटलं, ठीक आहे, पाच वर्षांत काय केलं ते मराठीत लिहून आण, इंग्रजीचं नंतर बघू. पुढच्या वेळी आला तर वहीच्या कागदावर दीडच ओळ. "2018 ते 2021 स्पर्धा परीक्षेची तयारी केली पण यश आलं नाही. त्यानंतर काहीच केलं नाही."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची माणूस, मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांचं वाचूनच या कामात आले, त्यामुळं "काहीच" हा शब्द दिसला की मी तिथंच थांबते. काहीच म्हणजे काय? माणूस दोन वर्षं काहीच करत नाही असं होत नाही, अगदी अंथरुणाला खिळला तरी औषधं घेत असतो.

"काहीच म्हणजे, उगं काकाच्या दुकानात बसायचो."

"बसून काय करायचास?"

"खत विकायचो. अजून काय."

"जूनमधला एक दिवस सांग. सकाळपासून."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. आठला शटर उघडायचं, बाहेर आधीच पंधरा-वीस माणसं, सगळ्यांना डीएपी पाहिजे आणि गोडाऊनला पोत्यांचा पत्ता नाही. ई-पॉस मशीनवर अंगठा घ्यायचा तर म्हाताऱ्यांचे ठसे उमटत नाहीत, रेंज नाही, मग मशीन घेऊन गच्चीवर जायचं. युरिया मागवला की वरचा डीलर लिंकिंग करणार, म्हणजे युरियासोबत न खपणारा माल गळ्यात मारणार. मशीनवरचा साठा आणि गोडाऊनमधला साठा जुळला नाही तर तपासणीत काकाचा परवाना अडचणीत. "म्हणून मग मी एक वही केलती मॅडम. कोणत्या गावात किती कापूस, किती सोयाबीन, कोण कधी उचलतं, मागच्या वर्षी कधी संपलं. दुसऱ्या वर्षी मी काकाला एप्रिलमध्येच ऑर्डर टाकायला लावली, तवा कुठं पेरणीला माल मिळाला."

मी विचारलं, "तू कोर्स कशाचा घेतलास म्हणालास?"

"सप्लाय चेन."

"मग हे काय आहे?"

तो गप्प बसला, मग हसला, मग डोळे पुसले. इतकी वर्षं मी हे काम करते तरी हा क्षण आला की मला अजूनही खुर्चीत सरळ बसावं वाटतं. त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख दिसली आणि तेव्हापासून मी ती प्रत्येकाला विचारायला लागले. फॉर्म विचारतो, अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत कुठं होतास आणि काय करत होतास. हा पोरगा उत्तर देत होता, मी नापास का झालो याचं. तो प्रश्न घरातल्यांचा होता, पाहुण्यांचा होता, लग्नात भेटणाऱ्या मामांचा होता. फॉर्ममध्ये तो कुठंच नव्हता.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते, कारण वाचणाऱ्याला खरं तर हेच पाहिजे असतं. कॅनडाच्या स्टडी परमिटचा IMM 1294 फॉर्म आहे, त्यात मागच्या दहा वर्षांचा हिशोब मागतात आणि मधे रिकामी जागा सोडू नका असं लिहिलेलंच असतं, काम करत नसाल तर तसं लिहा म्हणतात. म्हणजे "बेरोजगार" किंवा "घरी अभ्यास" हीसुद्धा चालणारी उत्तरं आहेत, गृहिणी असाल तर गृहिणी लिहा. कोरी जागा तेवढी चालत नाही. आम्ही त्याच्या पाच वर्षांचे तीन तुकडे केले. ऑगस्ट 2018 ते मार्च 2020, पुणे, स्पर्धा परीक्षेची तयारी. मार्च 2020 ते मार्च 2021, गावी राहून तीच तयारी. एप्रिल 2021 पासून पुढं, नातेवाईकाच्या कृषी सेवा केंद्रात साठा आणि हिशोब. राहिला जून-जुलै 2018, निकाल लागून पुण्याला जाईपर्यंतचा, तोही घरी होतो म्हणून लिहिला. प्रत्येक ठिकाणी महिना आणि वर्ष, नुसतं वर्ष नाही.

मधल्या तुकड्यावर तो अडून बसला, घरी बसून वर्षभर एकच परीक्षा कोण देतं, त्यांना पटेल का. अरे पण ती परीक्षाच होत नव्हती. राज्यसेवा पूर्व 5 एप्रिल 2020 ला होती, आधी कोरोना, मग आरक्षणाचा प्रश्न असं करत लांबत गेली, मार्च 2021 मध्ये तर तोंडावर पुढं ढकलली आणि पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली, शेवटी 21 मार्च 2021 ला झाली. हे सगळं जाहीर आहे, आयोगाच्या परिपत्रकांत आहे. कॅनडातल्या ऑफिसरला हे माहीत असायचं काही कारण नाही, म्हणून फाईलसोबत ऑफिसरला लिहायच्या पत्रात दोन ओळी घातल्या आणि सोबत त्याच्या परीक्षांची प्रवेशपत्रं जोडली. ती त्यानं फेकून दिली नव्हती हे नशीब, आयोगाच्या साईटवर आपल्या लॉगिनमध्ये जुनं काय मिळतं ते प्रत्येकानं आधी बघून ठेवावं.

दुकानाच्या पत्रावर खरी खटपट झाली. काका म्हणाले मी पगार पंचवीस हजार लिहून देतो, माह्या पुतण्याचं कल्याण होऊ दे. मी म्हटलं देत काय होता? सहा हजार, रोख, तेही सीझनला, एरवी जेवण आणि पेट्रोल. मग तेच लिहा. नातं लिहा, रोख लिहा, परवाना नंबर टाका, काम काय करायचा ते चार ओळींत. काकांचं पत्र म्हणजे घरचाच साक्षीदार, त्याला वजन कमी हे मान्य, म्हणून साठ्याच्या वहीची त्याच्या अक्षरातली तीन पानं स्कॅन करून लावली. स्टॅम्प पेपरवर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट करायला तो सेतूत निघालाच होता, कॉलेज प्रवेशाला ते चालतं म्हणून सगळ्यांना तेच सुचतं. पण ते शेवटी आपणच आपल्याबद्दल लिहिलेलं असतं, प्रवेशपत्राची आणि वहीची जागा ते घेत नाही.

आणि ऑफिसरला लिहायचं पत्र किती मोठं? त्यानं आधी अडीच पानं आणली होती, त्यात आजोबांची जमीन, दुष्काळ, वडलांचं कर्ज सगळं. मी बरंच काढायला लावलं. दुष्काळ खोटा नव्हता हो, पण ऑफिसरला या पत्रात दोनच गोष्टी बघायच्या असतात, एवढ्या वर्षांनी हाच कोर्स कशाला, आणि शिकून झाल्यावर हा परत जाईल का. पहिल्याचं उत्तर वहीत होतं. दुसऱ्यासाठी त्यानं लिहिलं की तालुक्याला स्वतःचा परवाना काढून खत-बियाण्याचं गोडाऊन टाकायचंय, आणि हे तो मला फॉर्म भरायच्या आधीपासून सांगत होता म्हणून मी राहू दिलं. नापास झालो हे वाक्यही राहू दिलं, एकदाच, साध्या शब्दांत, कारण न देता. पैशाची बाजू वेगळी, ती कच्ची असेल तर गॅप कितीही नीट लिहिला तरी उपयोग नाही, हेही मी त्याला सांगितलं होतं.

शेवटच्या भेटीत वडलांनी विचारलंच, "मॅडम, एवढं खरं लिहून बी नाही आला व्हिसा तर?"

मी म्हटलं, नाही येऊ शकत काका, हमी मी कशाची देऊ. पण नकार आला तर कारण वाचून, जिथं कमी पडलं ते भरून पुन्हा फाईल लावता येते, आणि फॉर्ममध्ये मागचा नकार लपवायचा नाही एवढंच. तेव्हाही हीच तीन तुकड्यांची पाच वर्षं, हेच महिने, हीच प्रवेशपत्रं चालतील, काही आठवून बोलावं लागणार नाही. वाळूजचं पत्र एकदा आत गेलं असतं तर पुढच्या प्रत्येक फाईलला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं असतं.

वडलांनी पिशवीतून ते पत्र काढलं, चार घड्या केल्या आणि विचारलं, एजंटला दिलेले आठ हजार परत मागता येतील का.