नुसतं ‘हॅलो’ आलं तर काय लिहायचं

काल तू विचारलंस ना, आपल्या कृषी सल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर शेतकरी नुसतं ‘हॅलो’ टाकतो आणि आपण उत्तर दिलं की गप्प होतो, असं का? मी तुझं उत्तर वाचलं. ‘बोला, नाव, गाव, तालुका, पीक, किती एकर?’ एवढं एकदम. ब्लू टिक आली आणि पुढे काहीच नाही.

अरे, ‘हॅलो’ म्हणजे दारावरची टकटक. आत कोणी आहे का, एवढंच तो बघतोय. नुसतं ‘टेस्ट’ टाकणारा तर बहुतेक वेळा मुलाने किंवा दुकानदाराने नंबर सेव्ह करून दिलेला माणूस असतो, मेसेज जातो का हे बघायला टाकतो. त्याने अजून काही विचारलेलंच नाही, आणि आपण फॉर्म पुढे करतो. त्यात टाइप करायचा कंटाळा असतो किंवा नीट जमत नाही, मग तो फोन खिशात टाकतो.

मी असं लिहितो, हवं तर कॉपी कर:

‘राम राम, तुमचा मेसेज मिळाला. मी कृषी सल्ल्याच्या नंबरवरून बोलतोय, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ इथेच असतो. पिकाबद्दल काही असेल तर फोटो टाका नाहीतर बोलून पाठवा, जमेल तेव्हा.’

बघ, यात प्रश्नचिन्ह एकही नाही. पोचलं हे कळलं, समोर माणूस आहे हे कळलं, आणि टाइप न करता सांगता येतं हेही कळलं. ‘टेस्ट’ला हेच, फक्त पहिलं वाक्य ‘मेसेज पोचला, नंबर चालू आहे’ असं. आणि ते व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं आपोआप जाणारं ग्रीटिंग आहे ना, ते पहिल्या मेसेजला जातं आणि नंतर १४ दिवस काहीच बोलणं झालं नाही तर परत जातं, त्यातही प्रश्न ठेवू नकोस. त्याच्यामागोमाग तुझं उत्तर गेलं की एकाच गोष्टीचे दोन मेसेज होतात, मग ग्रीटिंग एका ओळीचंच ठेव.

त्यानंतर गप्प बस, दुसऱ्या दिवशी ‘काय झालं मग?’ असं पण विचारू नकोस.

मागच्या पावसाळ्यात सांगोल्याकडून एकाने ‘टेस्ट’ टाकलं, मी हेच उत्तर दिलं, चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी डाळिंबाच्या पानाचा फोटो आला, तेलकट, पाणी मुरल्यासारखे डाग, सोबत सोळा सेकंदांची व्हॉइस नोट, ‘हे तेल्याच हाय का वो?’ तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, आणि एकच: फळांवर पण डाग आहेत का, तडे गेलेत का. तालुका, एकर वगैरे त्याने स्वतःच पुढच्या नोटमध्ये सांगितलं.